पाच बोटं आणि एक ओळखीचं माणूस

"मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये दोनदा ६ आले, मला ६.५ हवेत. टास्क २ मध्ये आरोग्य, शिक्षण, पर्यावरण असलं काही आलं की डोकं रिकामं होतं. मुद्दे शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात. या विषयांवरचं वाचन वाढवू का, की मुद्दे पटकन सुचायची काही पद्धत असते?"

परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असेल तर वाचन वाढवू नका. मी गेली बारा वर्षं या परीक्षेचं रायटिंग शिकवतो आहे. आरोग्यावरचे दहा लेख वाचून गेलेला विद्यार्थी अकराव्याच विषयावर अडकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. प्रश्न कुठून येईल ते आपल्या हातात नाही. पण कुठलाही प्रश्न आला तरी त्याच्याकडे कुठल्या बाजूंनी बघायचं, हे आधी ठरवून जाता येतं.

टास्क २ च्या प्रश्नाखाली दर वेळी एक ओळ छापलेली असते: उत्तराची कारणं द्या, आणि स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. अनुभवातली उदाहरणं चालतील असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. गुण चार निकषांवर मिळतात आणि चारही निकषांना सारखंच वजन आहे. मुद्द्यांशी थेट संबंध असलेला निकष एकच, टास्क रिस्पॉन्स. त्यात परीक्षक बघतो ते असं: विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे का, तुमची भूमिका शेवटपर्यंत कळते का, आणि मांडलेला मुद्दा नीट उलगडून सांगितला आहे का. मुद्दा नवीन किंवा अभ्यासपूर्ण असण्याला वेगळे गुण नाहीत. साधा मुद्दा पाच-सहा वाक्यांत नीट उलगडला, तर तो एका वाक्यात उरकलेल्या भारी मुद्द्यापेक्षा जास्त गुण मिळवून देतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. एखादा न पाहिलेला प्रश्न घ्या, मोबाइलवर दोन मिनिटं लावा, आणि त्या प्रश्नावर मराठीत मोठ्याने बोला. घरी आईशी बोलता तसं. दोन मिनिटांत तीन-चार मुद्दे निघाले, तर तुम्हाला मुद्दे सुचतात. फक्त ते इंग्रजीत मांडता येत नाहीत म्हणून डोकं रिकामं वाटतं. तसं असेल तर खालचं सगळं तुम्हाला अर्धंच उपयोगी पडेल, खरी मेहनत वाक्यरचनेवर घ्यावी लागेल. मराठीतही गप्प बसायला झालं, किंवा "आरोग्य फार महत्त्वाचं आहे" याच्या पुढे गाडी सरकली नाही, तर अडचण मुद्द्यांची आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण "मला मुद्देच सुचत नाहीत" म्हणत येतात आणि मराठीत विचारलं की धडाधड बोलतात. म्हणून ही तपासणी टाळू नका.

मुद्दे खरोखर सुचत नसतील, तेव्हा काय होतं ते एका प्रसंगातून सांगतो. सांगलीकडची एक नर्स माझ्या बॅचला होती. सरावासाठी मी प्रश्न दिला होता: साखर घातलेल्या पेयांवर सरकारने जास्त कर लावला तर लोकांची तब्येत सुधारेल, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? दहा मिनिटं झाली तरी तिच्या कागदावर तीनच शब्द होते. आरोग्य, मधुमेह, जनजागृती. रोज वॉर्डात मधुमेहाचे रुग्ण बघणारी मुलगी, आणि तिच्याकडे या प्रश्नावर सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला विचारलं, "तुमच्या घरी कोल्ड्रिंक कोण पितं?"

"धाकटा भाऊ. कॉलेजवरून येताना रोज एक बाटली आणतो."

"ती बाटली उद्या दुप्पट किमतीला झाली तर?"

तिने थोडा विचार केला. "नाही आणणार सर. त्याचे पैसे ठरलेले असतात. पण मग तो टपरीवर दोन चहा जास्त पिईल. आणि आमच्याकडे चहा म्हणजे साखरेचा पाकच."

इथे दोन मुद्दे झाले, तेही परस्परविरोधी. ज्याचे खर्चाचे पैसे मोजके, त्याच्यावर किंमतवाढीचा परिणाम होतो. आणि एक गोड पेय महाग केलं तर माणूस दुसऱ्या गोड पदार्थाकडे वळतो, म्हणजे साखर पोटात जायची तेवढी जातेच. धोरण ठरवणारे लोकही याच दोन मुद्द्यांवर वाद घालतात. तिला ते कुठे वाचावे लागले नाहीत. तिला फक्त "आरोग्य" हा शब्द सोडून एका ओळखीच्या माणसाकडे बघावं लागलं.

तेव्हापासून मी मुद्दे काढायचं हेच शिकवतो: विषयावर विचार करायचा नाही, एक माणूस डोळ्यांसमोर आणायचा आणि प्रश्नातला बदल त्याच्या आयुष्यात झाला तर काय होईल ते बघायचं. पण घाबरलेल्या मनाला एवढं सांगून भागत नाही. बघायचं कुठे, हेही ठरलेलं लागतं. त्यासाठी पाच बोटं. परीक्षेच्या खोलीत वही-पुस्तक नेता येत नाही, हात मात्र बरोबर असतो.

अंगठा म्हणजे पैसा. नोटा मोजताना अंगठा चालतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. याने कुणाचा खर्च वाढतो, कुणाचा वाचतो, कुणाची कमाई होते? तर्जनी म्हणजे हुकूम, कारण बोट दाखवून आपण सांगतो ते याच बोटाने. हे कोण ठरवतं, कोण राबवतं, आणि पाळलं नाही तर काय होतं? यात सरकार आलं, शाळा आली, कंपनीतला साहेबही आला. मधलं बोट म्हणजे स्वतः माणूस, त्याचं शरीर, मन, कौशल्य. याने त्याची तब्येत, ताण, सवय, शिकणं यात काय फरक पडतो? अनामिका अंगठीची, म्हणून नाती. घर, शेजार, मित्र, गाव यांच्यात काय बदलतं? करंगळी सगळ्यांत लहान, म्हणून लहान मुलं आणि पुढचा काळ. वीस वर्षांनी याचं काय होईल, पुढच्या पिढीच्या वाट्याला काय येईल? हवा, पाणी, जंगल हेही मी करंगळीतच धरतो, कारण त्यांचे परिणाम उशिरा दिसतात.

हीच पाच का, असं विद्यार्थी विचारतात. यात पवित्र काही नाही. काही शिक्षक आठ-दहा मुद्द्यांची यादी देतात: आर्थिक, सामाजिक, राजकीय, तांत्रिक, सांस्कृतिक वगैरे. मी ती दोन वर्षं वापरून पाहिली आणि सोडून दिली. परीक्षेत मुलं ती यादी आठवण्यातच वेळ घालवायची आणि "सांस्कृतिक" या शब्दाशी येऊन थांबायची, कारण त्या शब्दातून कुणी माणूस डोळ्यांसमोर येत नाही. "अनामिका" म्हटलं की आजी आठवते, शेजारी आठवतात. तुमच्यासाठी दुसरे पाच शब्द जास्त बोलके असतील तर ते घ्या, पण पाचाच्या वर जाऊ नका.

आता कोल्ड्रिंकचा तोच प्रश्न घड्याळ लावून पुन्हा सोडवू. टास्क २ साठी चाळीस मिनिटं ठेवा, असा सल्ला प्रश्नपत्रिकेतच असतो, आणि किमान अडीचशे शब्द लिहायचे असतात. त्या चाळिसातली सहा मिनिटं मी विचाराला देतो, तीस लिहायला आणि चार तपासायला.

पहिलं दीड मिनिट फक्त प्रश्नासाठी. हे इंजिनिअर मंडळींना चांगलं जमतं, पण विषय अनोळखी दिसला की तेही इथे घाई करतात. प्रश्नाचा विषय आहे "गोड पेयं आणि आरोग्य". पण प्रश्न त्याबद्दल नाही. प्रश्नात एक दावा आहे आणि त्याला दोन सांधे आहेत: कर लावला की लोक कमी पितील, आणि कमी प्यायले की तब्येत सुधारेल. हे दोन सांधे टिकतात की तुटतात, तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे. साखर वाईट असते, मधुमेह वाढतो आहे, व्यायाम करावा, हे सगळं विषयाचं आहे, प्रश्नाचं नाही. त्या नर्सच्या कागदावरचे तीन शब्द याच कारणाने निरुपयोगी होते. दाव्याखाली रेघ मारा. "सर्वांत चांगला", "एकमेव", "सगळ्या" असे शब्द प्रश्नात असतील तर त्यांना गोल करा, कारण असहमतीचं सगळ्यांत सोपं कारण बहुतेक वेळा त्यांच्यातच असतं.

पुढची अडीच मिनिटं बोटांना, प्रत्येकाला अर्धं मिनिट. माणूस आहे तो कॉलेजला जाणारा भाऊ. अंगठा: त्याचे पैसे ठरलेले आहेत, बाटली महागली तर तो घेणार नाही. पण चांगला पगार असलेला माणूस तेवढ्याने थांबणार नाही. कंपनीचं काय? कर साखरेच्या प्रमाणावर लावला तर कंपनी साखरच कमी करेल. तर्जनी: कर बाटलीबंद पेयावर लागेल, टपरीवरच्या चहावर आणि रसवंतीवर लागणार नाही. मधलं बोट: बाटली सुटली तरी गोडाची सवय सुटत नाही, साखर दुसरीकडून येते. अनामिका: पाहुणे आले, वाढदिवस झाला की कोल्ड्रिंक येतंच, तिथे कुणी किंमत बघत नाही. करंगळी: लहान मुलांकडे पैसे कमी असतात आणि सवय याच वयात लागते, तेव्हा कराचा सगळ्यांत जास्त उपयोग यांच्यावर.

सात-आठ मुद्दे झाले. कागदावर हे पूर्ण वाक्यात लिहायचं नाही. प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन इंग्रजी शब्द, बस. विचार मराठीत खुशाल करा, मी त्याला कधी हरकत घेत नाही. पण कागदावर उतरवताना लगेच इंग्रजी शब्द लिहा. जो मुद्दा दोन इंग्रजी शब्दांत उतरत नाही, तो पुढे परिच्छेदातही तुम्हाला अडवणार हे तिथेच कळतं.

उरलेली दोन मिनिटं निवडीला, आणि खरं कौशल्य इथे लागतं. बोटं शिकल्यावर मुलं पहिली चूक करतात ती हीच की पाचही बोटं निबंधात घालतात. अडीचशे-पावणेतीनशे शब्दांत पाच मुद्दे म्हणजे प्रत्येकाला दोन वाक्यं. मग परीक्षकाला दिसतं की मुद्दे आहेत पण उलगडलेले नाहीत, आणि गुण सहाच्या आसपास अडकतात. मुद्दे सुचायला लागल्यावरही तुमचा सहा हलला नाही, तर आधी हेच तपासा. दोन मुद्दे घ्यायचे, फार तर तीन.

कोणते घ्यायचे? मी प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारायला सांगतो. हे कसं घडतं? त्यामुळे पुढे काय होतं? कोणाच्या बाबतीत दिसतं? तिन्हींना एकेक वाक्याचं उत्तर पटकन मिळालं, तर मुद्दा परिच्छेद उभा करू शकतो. "अनामिका, वाढदिवस" हा मुद्दा बघा. कसं घडतं? समारंभात लोक किंमत बघत नाहीत. पुढे काय? काही फारसं नाही, वाढदिवस वर्षातून चार. इथेच तो संपला, म्हणून सोडून द्यायचा. "करंगळी, लहान मुलं" घ्या. कसं घडतं? मुलांकडे खाऊचे मोजके पैसे असतात, किंमत थोडी वाढली तरी हिशोब बदलतो. पुढे काय? शाळेच्या वयात रोजची सवय लागत नाही आणि मोठेपणी ती सोडायची वेळ येत नाही. कोणाच्या बाबतीत? शाळेबाहेरच्या दुकानावर दहा रुपये घेऊन उभा असलेला मुलगा. हा मुद्दा चालतो.

दुसरा घेऊ या, साखर दुसरीकडून येते हा. मग भूमिका आपोआप ठरते: मी अंशतः सहमत आहे. कर लहान मुलांच्या बाबतीत कामाचा, पण मोठ्यांची तब्येत एकट्या कराने सुधारणार नाही. भूमिका आधी ठरवून मुद्दे शोधायला जाऊ नका, अनोळखी विषयात तर नाहीच. कोणत्या बाजूचे मुद्दे नीट उलगडतात ते बघा आणि त्या बाजूला उभे राहा. तुमचं खरं मत काय आहे, हे परीक्षक तपासत नाही.

दुसरा परिच्छेद साधारण असा होईल, परीक्षेत अर्थात इंग्रजीत: "मोठ्यांच्या बाबतीत मात्र एका प्रकारच्या पेयावर कर लावून साखर कमी होईल असं मला वाटत नाही. गोड खाण्यापिण्याची सवय एका बाटलीपुरती नसते. बाटली महाग झाली तर माणूस कर नसलेल्या दुसऱ्या गोड पदार्थाकडे वळतो. माझ्या भागात चहात भरपूर साखर घालतात आणि तो प्रत्येक कोपऱ्यावर स्वस्तात मिळतो. कोल्ड्रिंक सोडणारा कामगार दिवसातून दोन कप चहा जास्त पिऊ लागला, तर त्याच्या शरीरात जाणारी साखर तेवढीच राहते. म्हणून लोकांना रोजच्या खाण्यातल्या साखरेचा अंदाज आला नाही, तर कराचा परिणाम थोडाच राहील." सहा वाक्यं आणि एकच मुद्दा. यात आकडेवारी नाही, कुठला अहवाल नाही, कुठलाही अवघड शब्द नाही.

आकडेवारीवरून सांगतो. बरीच मुलं ठोकून देतात की अमुक विद्यापीठाच्या पाहणीत ऐंशी टक्के लोक असं म्हणाले. परीक्षक ते पडताळायला जात नाही हे खरं. पण ती ओळ मुद्दा उलगडत नाही, नुसता शिक्का मारते, आणि बनावट उदाहरणात तपशील नसतो म्हणून पुढचं वाक्य लिहिता येत नाही. दहा रुपये घेतलेला मुलगा तुम्हाला पुढची दोन वाक्यं देतो. खोटी टक्केवारी एकही देत नाही. खरी माहिती असेल तर जरूर वापरा. ब्रिटनमध्ये 2018 च्या एप्रिलपासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लागू झाला, शंभर मिलिलीटरला पाच ग्रॅमच्या खाली साखर असेल तर हा कर नाही, आणि अनेक कंपन्यांनी तो लागू होण्याआधीच आपल्या पेयांतली साखर कमी केली. हे माहीत असेल तर अंगठ्याचा परिच्छेद पक्का होतो. पण वर बघा, "कंपनी साखरच कमी करेल" इथपर्यंत आपण काहीही न वाचता, नुसतं "अंगठा, कंपनीचं काय?" विचारून पोहोचलो होतो.

दुसरी चूक वेगळीच आहे आणि हुशार मुलं ती करतात. त्यांना एखादा छान, खोल मुद्दा सुचतो आणि तो सांगण्याइतकी इंग्रजी हाताशी नसते. मग परिच्छेदाच्या मध्यावर वाक्य तुटतं, मुद्दा धूसर होतो आणि व्याकरणाचेही गुण जातात. दोन मुद्द्यांपैकी एक जास्त हुशारीचा आणि दुसरा तुम्हाला इंग्रजीत सहज सांगता येणारा असेल, तर दर वेळी दुसरा घ्या. हे मी फार आग्रहाने सांगतो. सहावरून साडेसहावर गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या बघितल्या तर मुद्दे आधीपेक्षा साधे झालेले दिसतात.

पर्यावरणाचा एक प्रश्न भराभर बघू, म्हणजे पद्धत दुसरीकडे कशी चालते ते कळेल. पर्यावरणाचे प्रश्न इतके मोठे आहेत की एकट्या माणसाच्या हातात काही नाही, सरकारांनीच ते सोडवावेत, सहमत आहात का? "हातात काही नाही" आणि "सरकारांनीच" यांना गोल करा. आता माणूस घ्या, मंडईतली भाजीवाली. तर्जनी: महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, 23 जूनपासून दंड सुरू झाला. आमच्या मंडईत पहिले काही आठवडे खरंच पिशवी मिळत नव्हती, लोक घरून कापडी आणायचे. मग हळूहळू पातळ पिशव्या परत दिसायला लागल्या. का? अंगठा: पिशवी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं, भाजीवालीला ते परवडत नाही. म्हणजे हुकूम सरकारचा लागतो, पण तो टिकतो गिऱ्हाइकाने घरून पिशवी आणली तर. असहमतीची भूमिका तयार झाली, दोन्ही परिच्छेद मिळाले, आणि उदाहरण तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिन्ही उरलेल्या बोटांकडे वळायची गरजसुद्धा पडली नाही. दोन चांगले मुद्दे मिळाले की थांबायचं, बोटं पूर्ण करणं हे काम नाही.

शिक्षणाच्या प्रश्नात सहसा अडचण येत नाही, कारण शाळेत सगळे गेलेले असतात. तिथे फक्त आपल्या शाळेतून बाहेर पडून बघायचं. गृहपाठ बंद करावा का, असं विचारलं तर स्वतःच्या बरोबरीने तुमच्या वर्गातला तो मुलगाही घ्या, ज्याच्या घरी गृहपाठात मदत करणारं कुणी नव्हतं. अनामिका आणि अंगठा लगेच बोलायला लागतात.

ही पद्धत कुठे तोकडी पडते तेही सांगायला हवं. एखादी गोष्ट का घडते आणि त्यावर उपाय काय, असं विचारणाऱ्या प्रश्नात बोटं थोडी वेगळी वापरावी लागतात. तिथे आधी कारणं काढा आणि ज्या बोटातून कारण निघालं त्याच बोटातून उपाय काढा. मुलं बाहेर खेळत नाहीत याचं कारण अनामिकेतून आलं, म्हणजे आईवडील दोघं कामावर आणि लक्ष ठेवायला कुणी नाही, तर उपायही तिथलाच हवा: शाळा सुटल्यावर देखरेखीखाली मैदान उघडं ठेवणं. कारण घरचं आणि उपाय म्हणून "सरकारने जनजागृती करावी" असं लिहिलं की दोन परिच्छेद एकमेकांशी बोलत नाहीत आणि परीक्षकाला ते लगेच जाणवतं. "जनजागृती" हा शब्द तर मी माझ्या वर्गात बंदच केला आहे. तो लिहिला की पुढे विचार थांबतो.

अवकाश संशोधन, जुन्या इमारती, कला, नामशेष होणाऱ्या भाषा असल्या प्रश्नांत अंगठा आणि करंगळी चालतात, बाकीची बोटं कोरडी जातात. तिथे "माणूस" शोधायला जरा जास्त वेळ लागतो. जुन्या वाड्याचा मालक, त्या वाड्यात भाड्याने राहणारं कुटुंब, तो बघायला येणारा प्रवासी, असे दोन-तीन जण उभे केले की एकाच बोटातून वेगवेगळी उत्तरं निघतात. त्या प्रश्नांना मी सहाऐवजी आठ मिनिटं देतो आणि निबंध अडीचशेच्या जवळ ठेवतो. हा आकडा तुमच्या लिहिण्याच्या वेगावर ठरेल. अडीचशे शब्दांना तुम्हाला पस्तीस मिनिटं लागत असतील तर आठ मिनिटांची चैन परवडणार नाही, आधी वेग वाढवावा लागेल.

सराव कसा करायचा ते आता सांगतो. पूर्ण निबंध रोज लिहू नका. सुरुवातीचे दहा दिवस रोज पाच प्रश्न घ्या, प्रत्येकाला सहा मिनिटं, आणि फक्त कच्चा कागद तयार करा: रेघ मारलेला दावा, बोटांचे शब्द, निवडलेले दोन मुद्दे आणि त्यांची तीन-तीन उत्तरं. अर्ध्या तासात पाच होतात. पहिले दोन-तीन दिवस सहा मिनिटांत जमणार नाही, नऊ-दहा लागतील, तिथे घड्याळ बंद करून पूर्ण करा. पाचव्या-सहाव्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की तीच चार-पाच माणसं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या बाबतीत कदाचित शॉप फ्लोअरवरचा एखादा कामगार, वडील, शाळेतला भाचा, गावाकडची आत्या. ती येऊ द्या. उलट त्यांच्याबद्दल बोलायला लागणारी इंग्रजी, म्हणजे शिफ्ट, पगार, क्लासची फी, दवाखान्यापर्यंतचं अंतर, ही त्या निमित्ताने पक्की करून ठेवा. परीक्षेआधी जे वाचन किंवा शब्दपाठ करायचा, तो एवढ्याच गोष्टींचा करा.

दहा दिवसांनंतर त्या पन्नास कागदांपैकी रोज एक उचला आणि चौतीस मिनिटांत त्याचा निबंध पूर्ण करून तपासा. कुठल्या मुद्द्यावर पेन थांबलं, तिथे समासात खूण करा. आठवड्याच्या शेवटी त्या खुणा बघितल्या की कळेल तुम्ही कोणत्या बोटाचे मुद्दे निवडता आणि लिहिताना अडकता. बहुतेकांची अडचण तर्जनीवर निघते, कारण कायदा आणि सरकार यांच्याबद्दलची इंग्रजी आपण रोज बोलत नाही. तुमचंही तसंच निघालं, तर परीक्षेत तर्जनीचा मुद्दा दुसरं काही हाती नसेल तेव्हाच घ्या.